घरच्यांना सूट किती द्यायची? आधी तासाला किती सुटतं ते काढा

«मी घरून कापडी बॅगा आणि पाऊच शिवून विकते. नातेवाईक आणि मैत्रिणींना सरसकट पंचवीस टक्के सूट देते, नाही म्हणवत नाही. ऑर्डरी भरपूर आहेत, हात रिकामा नसतो, पण महिनाअखेर कापड आणायला घरखर्चातून पैसे घ्यावे लागतात. सूट बंद करू का? की किती ठेवावी? नाती न बिघडवता.»

सूट बंद करू नका. पण पंचवीस टक्के हा आकडा आला कुठून, ते आधी स्वतःला विचारा. बहुतेक वेळा तो कुठूनच आलेला नसतो. एकदा कुणीतरी ‘आम्हाला काही कमी करशील ना?’ म्हणालेलं असतं, तोंडातून एक आकडा गेलेला असतो आणि पुढे तोच नियम होऊन बसतो. मी एकोणीस वर्षं घरून शिवण करते आहे. त्यातली पहिली चार वर्षं माझीही हीच गत होती, म्हणून तुमचं वाचताना हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण.

तुमच्या बॅगेचं गणित मला माहीत नाही, म्हणून मी माझ्याकडच्या एका मध्यम बॅगेचं मांडते. तिची किंमत १०० धरू, म्हणजे बाकीचे आकडे टक्क्यांसारखे वाचता येतील. वरचं कापड आणि अस्तर मिळून २६. चेन, रनर, पट्टा, बकल यांचे १२. दोरा, सुया, पॅकिंग ४. कापताना वाया जाणारं कापड आणि बिघडलेला एखादा तुकडा यांचे ३. वीज, मशीनचं तेल आणि दुरुस्ती यांचा वाटा ३. झाले ४८. एवढे पैसे बॅग तयार होईपर्यंत खिशातून खरोखर बाहेर जातात.

आता वेळ. कापणं, शिवणं, दोरे कातरणं, इस्त्री करणं आणि पॅक करणं धरून ही बॅग दोन तास घेते. माझ्या तासाची मजुरी मी १५ धरते. हा आकडा कसा ठरवायचा? हेच काम तुम्ही दुसऱ्या कुणाला करायला दिलं, तर तिला तासाला जितके द्यावे लागतील तितके. मनाला कमी वाटतात की जास्त, हा प्रश्नच नाही. दोन तासांचे ३०. म्हणजे बॅग पडते ७८ ला आणि १०० ला विकली की वर उरतात २२.

घरच्यांची सूट या २२ मधूनच द्यायची असते, १०० मधून नव्हे. किंमत मोठी असते म्हणून पंचवीस टक्के म्हणजे फक्त पाव भाग वाटतो. उरलेल्या २२ शी तो ताडून पाहा: २२ तर गेलेच, शिवाय मजुरीतले ३ पण गेले.

त्यात एक जुनी गफलत असते, ती इथेच सांगून टाकते. पुष्कळ जणी खर्चावर पंचवीस टक्के चढवून किंमत काढतात आणि मग घरच्यांना पंचवीस टक्के सूट देऊन ‘आपण ना नफा ना तोटा दिली’ असं समजतात. वस्तू ८० ला पडली, पंचवीस टक्के चढवून १०० झाली आणि १०० वर पंचवीस टक्के सूट दिली तर हातात येतात ७५. पाच घरचे गेले. चढवताना टक्के ८० वर मोजले होते आणि सोडताना १०० वर, एवढाच फरक आहे. पण एवढ्या फरकात माणसं वर्षानुवर्षं बुडत राहतात.

तरीही खरं सांगायचं तर हे ३ कमी पडणं ही छोटी गळती आहे. मोठी गळती वेळात असते आणि ती वहीत येतच नाही.

मला हे कसं कळलं ते सांगते. शिवणाच्या मशीनच्या टेबलावर एक महिनाभर मी खडूने प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट लिहीत होते. मध्ये उठले तर तेही. महिनाअखेर पाहिलं, तर ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाची बॅग दोन तासांत होत होती आणि घरच्यांची जवळजवळ प्रत्येक बॅग तीन तास घेत होती. शिवण तीच, हात तोच. फरक होता तो ‘आत एक खिसा वाढवशील?’, ‘या रंगाचं कापड नको गं, ते दुसरं दाखव ना’, ‘पट्टा जरा लांब कर’, ‘येताना घेऊन ये, मग चहाही होईल’ यात. परकं गिऱ्हाईक तयार नमुना बघून घेतं आणि निघून जातं. घरच्या माणसाला आपण स्वतःहून निवड देतो, चार फोटो पाठवतो, पोहोचवायलाही जातो. त्यांनी मागितलेलंही नसतं.

आता ती घरची बॅग परत मोजू. किंमत ७५. खर्च ४८, त्यात जादा खिशाचं कापड आणि चेन ४, म्हणजे ५२. हातात राहिले २३, तीन तासांचे. तासाला साडेसातच्या आसपास. परक्या गिऱ्हाइकाची बॅग १०० ला गेली तर खर्च वजा जाता ५२ राहतात, दोन तासांचे. तासाला २६. तुम्ही सूट दिली होती पाव भाग. प्रत्यक्षात तासाची कमाई पाऊण भागाच्या आसपास घटली.

महिन्याला वीस बॅगा शिवता असं धरू. वीसच्या वीस पूर्ण किमतीला गेल्या तर चाळीस तासांच्या कामाचे १०४० हातात येतात: मजुरीचे ६०० आणि वरचे ४४०. आता यातल्या बारा घरच्यांना वर सांगितल्यासारख्या गेल्या, आठ बाहेर. बाहेरच्या आठांचे ४१६, घरच्या बाराचे २७६, एकूण ६९२. आणि काम झालं बावन्न तासांचं. बारा तास जास्त राबून ३४८ कमी. मजुरी धरली तर धंद्यात वर काही उरलंच नाही, उलट ८८ कमी पडले. ऑर्डरी भरपूर असूनही कापडाला घरखर्चातून पैसे का लागतात, त्याचं उत्तर माझ्या मते बहुधा इथे आहे. नोटा हातात येत राहतात म्हणून तोटा डोळ्यांना दिसत नाही. आलेल्या नोटांमध्ये आपली मजुरी आणि पुढच्या कापडाचे पैसे एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

तुमच्याकडे हेच आहे का ते ओळखायचं असेल, तर विक्री किती झाली ते बघू नका. दोन डबे करा. विक्रीचे पैसे आले की त्या वस्तूचा खर्च, म्हणजे माझ्या बॅगेचे ४८, आधी एका डब्यात. बाकीचे दुसऱ्यात. कापड फक्त पहिल्या डब्यातून आणायचं. पहिला डबा पुरला आणि दुसरा रोडावला, तर सूट मजुरी खाते आहे. पहिलाच डबा पुरेना, तर एकतर खर्च तुम्ही कमी धरला आहे, नाहीतर कुणाचेतरी पैसे यायचे राहिले आहेत.

राहिलेल्या पैशांचंही पटकन सांगते. घरच्यांकडून ‘देते गं नंतर’ म्हणून राहिलेली एक बॅग म्हणजे ५२ चा माल बाहेर गेला. तो भरून काढायला परक्या गिऱ्हाइकाच्या एका संपूर्ण बॅगेची कमाई, मजुरीसकट, खर्ची पडते. म्हणजे दोन तास फुकट शिवलं, तेव्हा कुठे आधीच्या बॅगेचं कापड परत आलं. आधी शिवलेले तीन तास तर हिशोबातही नाहीत.

मग सूट किती?

माझा नियम असा आहे: खर्च आणि मजुरी जाऊन जे वर उरतं, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त कुणालाही सोडायचं नाही. बॅगेवर २२ उरतात, तर जास्तीत जास्त ११. मी १० वर थांबते. निम्मंच का? कारण ते वरचे २२ सगळे नफा नसतात. न विकल्या गेलेल्या बॅगा, नमुन्यासाठी शिवलेली बॅग, मशीन अचानक बंद पडलं तर लागणारे पैसे, हे सगळं त्यातूनच निघतं. पूर्ण २२ सोडले तर घरच्यांची बॅग तोट्यात जात नाही हे खरं, पण धंद्याचा भार मग फक्त परक्या गिऱ्हाइकांच्या बॅगा उचलतात. आणि घरच्यांच्या ऑर्डरी निम्म्याच्या वर असतील, तर त्यांना तो पेलत नाही.

आता हाच नियम पाऊचला लावा आणि गंमत बघा. पाऊचची किंमत ४०. कापड, अस्तर, चेन आणि बाकी खर्च मिळून २८, कारण छोट्या वस्तूतही चेन पूर्ण लागते आणि कापड वाया जायचं ते जातंच. अर्धा तास, मजुरी साडेसात. उरले साडेचार. त्याचे निम्मे म्हणजे सव्वादोन. मी २ सोडते, म्हणजे पाच टक्के. यावर तुमचे पंचवीस टक्के दिले तर पाऊच ३० ला जातो आणि अर्ध्या तासाच्या कामाचे हातात २ येतात. म्हणून सरसकट टक्के कधीच ठेवू नका. ज्या वस्तूत माल जास्त आणि वर उरणारं कमी, तिथे टक्क्यांची सूट सगळ्यात जास्त चावते. नेमकी तीच छोटी वस्तू मैत्रिणी पाच-पाच, दहा-दहा मागतात. प्रत्येक वस्तूपुढे सुटीची रक्कम लिहून ठेवा: बॅग १०, पाऊच २. टक्के तोंडात आणूच नका.

सूट किती यापेक्षा सूट कशाबद्दल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बॅगेवर १० सोडायचे ते तयार नमुन्यावर, असलेल्या कापडात आणि माझ्या सोयीच्या तारखेला. खिसा वाढवायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे, सूट न लावता. पाहुण्यांना हे कठोर वाटेल असं मला वाटायचं. उलटंच झालं. ‘तयारमधली घेतलीस तर १० कमी, बदल केलास तर पूर्ण’ असं म्हटलं की दहातल्या सात-आठ जणी तयारमधली उचलतात आणि माझा तास वाचतो. १० सोडून दोन तासांचे ४२ राहतात, तासाला २१. परक्या गिऱ्हाइकाच्या २६ पेक्षा कमी, पण साडेसातच्या जवळपास तिप्पट. बघा, तारीख आणि नमुना यांवर पकड ठेवली की सूट आपोआप परवडायला लागते.

गर्दीच्या महिन्याची गोष्ट वेगळी. हात रिकामा असेल तेव्हा घरच्यांची बॅग ९० ला शिवणं म्हणजे ४२ मिळवणं आहे, नाहीतर ते दोन तास तसेही गेले असते. पण ऑर्डरी परत पाठवायची वेळ आली असताना तीन तासांची घरची बॅग घेतलीत, तर तुम्ही परक्या गिऱ्हाइकाच्या दीड बॅगेला नाही म्हणता. म्हणजे त्या दीड बॅगेच्या कमाईचे ७८ सोडून २३ घेता. वही भरलेली असेल त्या महिन्यात मी कुणालाच सूट देत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तिला सांगते, ‘घाई नसेल तर पुढच्या महिन्यात दे, तेव्हा १० कमी करते.’ ती थांबते. मैत्रीण थांबत नाही, ती पूर्ण पैसे देते आणि त्यातही तिला काही वाटत नाही, असा माझा अनुभव.

‘घरचे’ म्हणजे कोण, हेही एकदा कागदावर लिहा. मी नावं लिहिली तेव्हा अकरा भरली. त्या वर्षी सूट घेणारे प्रत्यक्षात सत्तेचाळीस होते. वहिनीच्या ऑफिसातली, तिची शेजारीण, तिची जाऊ. सूट अशीच पसरते: एकीने दुसरीला किंमत सांगताना ७५ सांगितलेले असतात, १०० कुणी ऐकलेलेच नसतात. मग नव्या गिऱ्हाइकासाठी ७५ हीच तुमची किंमत आणि १०० म्हटलं की ती म्हणते महागलं. यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे. घरच्यांनाही बिल द्या. साधी चिठ्ठी चालेल, पण तिच्यावर तीन ओळी हव्यात: किंमत १००, घरची सूट १०, द्यायचे ९०. ती चिठ्ठी बॅगेत ठेवा. पुढे किंमत सांगताना १०० हा आकडा तिच्या डोळ्यांसमोर असतो.

आता ज्या दोन-तीन माणसांना खरोखर द्यावंसं वाटतं, त्यांच्याबद्दल. त्यांना सूट देऊ नका, भेट द्या. आकडे बघा. बारा जणींना २५ ची सूट म्हणजे ३०० गेले. चार बॅगा पूर्ण फुकट भेट दिल्या, तर मजुरीसकट खर्च ३१२. जवळजवळ तेवढेच. पण चार माणसांना आयुष्यभर लक्षात राहील की ही बॅग हिने शिवून दिली. बारा जणींना दिलेली सूट महिन्याभरात कुणाच्याही लक्षात राहत नाही, कारण त्यांच्या लेखी ती तुमची किंमतच असते. मी वर्षाला किती भेटी द्यायच्या ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवते आणि त्यांचा खर्च घरखर्चात लिहिते, धंद्याच्या वहीत नाही. भेट मी देते, धंदा देत नाही.

एकदा माझ्या आत्यांनी तोंडावर विचारलं, ‘घरच्यांकडून काय कमवायचं गं?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी म्हणते, ‘आत्या, तुमच्याकडून कमावत नाही. १०० ची तुम्हाला ९० ला देते. पण कापडवाला मला घरची म्हणून सोडत नाही ना.’ हसत म्हणायचं आणि विषय तिथेच सोडायचा. हिशोब उलगडून दाखवायला बसू नका. ४८ आणि ३० चे आकडे नातेवाइकांना सांगितले की ‘मजुरी ३० कशाला लावतेस, घरीच तर असतेस’ इथून नवीन चर्चा सुरू होते आणि ती संपत नाही.

या नियमाची एक मर्यादा आहे. तुमच्या वस्तूवर मजुरी धरून वर काहीच उरत नसेल, म्हणजे बॅग ७८ ला पडते आणि किंमतच ८० असेल, तर सुटीचा प्रश्न नंतरचा आहे. तिथे घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, परक्या गिऱ्हाइकांनाही तुम्ही घरच्या भावातच देत आहात. आधी किंमत वाढवा आणि तोपर्यंत कुणालाच सूट नको.

आता हातात असलेल्या ऑर्डरींचं. ज्यांना २५ कमी सांगून झालं आहे, त्यांना त्याच भावात द्या, शब्द फिरवू नका. फक्त चिठ्ठीवर १०० लिहा, मग घरची सूट २५, मग ७५. खाली एक ओळ: पुढच्या ऑर्डरपासून घरची सूट १०. यातल्या ज्या बॅगांना अजून कात्री लागलेली नाही, त्यांच्या कापडाचे पैसे, माझ्या हिशोबाने २६, आजच मागून घ्या. ‘कापड आणायला निघाले आहे, तेवढे पाठवतेस का?’ एवढं पुरतं. जी पाठवत नाही, तिची बॅग रांगेत शेवटी.